ग्रुप बुकिंगच्या रिव्ह्यूला हॉटेलकडून उत्तर (गणपतीपुळे)

"पुण्याहून ४८ जणांचा ज्येष्ठ नागरिकांचा ग्रुप. चाव्यांसाठी दीड तास लॉबीत बसवून ठेवलं, माझी बॅग भलत्याच खोलीत गेली, सरबत कोमट. धर्मशाळा बरी. दोन स्टार."

नमस्कार ताई,

रात्रभर प्रवास करून आलात आणि आल्या आल्या ताटकळत बसावं लागलं, त्याबद्दल मनापासून दिलगीर आहे. पण तुमचं लिहिणं वाचून पुढचे ग्रुप आमच्याकडे यायचं की नाही ते ठरवतात, म्हणून त्या दीड तासाबद्दल सविस्तर लिहितो.

दीड तास लागला हे खरं आहे. तो सव्वा अकरा ते पावणेएक असा होता. बुकिंगमध्ये तुमची बस दुपारी एकला येणार असं ठरलं होतं आणि खोल्यांची तयारी त्या हिशेबाने चालू होती. आधीचे पाहुणे दहाला खोल्या सोडतात. चादरी, बाथरूम, फरशी धरून एका खोलीला अर्धा तास जातो आणि आमच्याकडे हे काम तीन बायका करतात. बस दारात आली तेव्हा तुमच्या २२ खोल्यांपैकी १३ तयार होत्या. उरलेल्या नऊ, प्रत्येकीकडे तीन, म्हणजे बरोबर दीड तास. शेवटची चावी ठरलेल्या वेळेच्या पंधरा मिनिटं आधी दिली गेली. त्यांना घाई करायला लावून अर्धवट पुसलेली खोली मी देऊ शकलो असतो, पण मग रिव्ह्यू त्याचा आला असता.

तयार १३ खोल्यांच्या चाव्या मात्र लगेच मिळायला हव्या होत्या, यात वाद नाही. त्या का अडकल्या ते सांगतो. ग्रुपची यादी आम्ही दोन दिवस आधी मागतो: कोण कोणाबरोबर, कोणाला तळमजला, कोणत्या खोलीत तिसरी गादी. तुमच्या यादीत १८ खोल्या दोघांच्या आणि चार तिघांच्या होत्या. त्याप्रमाणे खोलीवार पाकिटं भरली होती. आत चावी, बाहेर नावं आणि नंबर. सामानाच्या चिठ्ठ्यांवरही तेच नंबर. वेळ वाचावा म्हणून ओळखपत्रांच्या प्रतीसुद्धा आधीच मागवून ठेवल्या होत्या.

मग निवळी फाट्यावरून फोन आला की दोघी बहिणींना एकत्र राहायचंय आणि एका काकांचे गुडघे दुखतात, त्यांना खाली खोली द्या. ऐकायला दोनच बदल आहेत. पण दोघी बहिणी एका खोलीत आल्या की त्यांच्या दोन मैत्रिणी दुसऱ्या खोलीत एकत्र येतात. आणि तळमजल्याच्या सहाही खोल्या यादीप्रमाणे दिलेल्या होत्या, म्हणजे काकांना खाली आणायचं तर तिथल्या कोणालातरी विचारून वर पाठवायचं. दोन बदलांत चार पाकिटं, त्यांवरची नावं आणि खोली बदललेल्या सगळ्यांच्या सामानाच्या चिठ्ठ्या बदलल्या. फाट्यापासून आमच्या दारापर्यंत तासभरसुद्धा लागत नाही. तेवढ्यात पाकिटं बदलून झाली, चिठ्ठ्या अर्ध्या राहिल्या. तुमची बॅग त्यातच सापडली. तिच्यावर जुना नंबर होता आणि पोरानं ती त्या नंबरच्या दाराशी नेऊन ठेवली. तो चुकला नाही.

आणखी एक लिहितो, राग मानू नका. पाकिटं टेबलावर क्रमाने लावली होती. तुमच्या संयोजकांनी एकेक नाव पुकारायचं आणि काउंटरवरच्या मुलीने यादीवर खूण करत चावी द्यायची, असं ठरलं होतं. या पद्धतीने १३ चाव्या दहा मिनिटांत जातात. पण चार-पाच जणांनी "आम्हीच वाटतो" म्हणत पाकिटं उचलली. मग १०७ ची चावी कोणाच्या खिशात आहे हे कोणालाच सांगता येईना. ती शोधण्यात वीस मिनिटं गेली, आणि त्या वेळात त्या मुलीला जे बोललं गेलं ते माझ्या मुलीसमान असलेल्या पोरीला ऐकावं लागलं. ती एक शब्द उलट बोलली नाही.

सरबत कोकमाचं होतं, आमच्या घरचं आगळ. मोठ्या वयाच्या मंडळींना घसा धरतो म्हणून बर्फ घालत नाही, पाणी माठातलं घेतो. बस फाटकात शिरली की ग्लास भरतो. ज्यांचे ग्लास चावी शोधण्याच्या गडबडीत टेबलावरच राहिले, त्यांना ते कोमट लागलं असणार.

धर्मशाळा म्हणालात ते लागलं. खोल्या मिळेपर्यंत सगळ्यांना पंख्याखाली बसवून वडिलांनी स्वतः चहा फिरवला होता, तो बिलात लावलेला नाही.

यापुढे सामानाच्या चिठ्ठीवर नंबराच्या जोडीला नावही लिहू आणि यादीतला बदल आदल्या संध्याकाळपर्यंतच घेऊ. माणसांचंही काहीतरी बघतो आहे. पुन्हा येणार असाल तर बस किती वाजता पोहोचेल ते निघताना एकदा फोन करून कळवा, तेवढ्या खोल्या आधी लावून ठेवतो.

आपला,
हॉटेलमालक