बीटी कापूस आणि आत्महत्यांचा आलेख: फोटोच्या चौकटीबाहेर राहिलेली वर्षे

बीटी कापूस म्हणजे बोंडअळीला मारणारे विष झाडातच तयार व्हावे यासाठी बाहेरचे जनुक घातलेला कापूस. त्याच्याविषयी वर्तमानपत्रातील एका आलेखाचा फोटो मोबाइलवर फिरतो आणि सोबत हा संदेश असतो:

“पेपरमधला हा आलेख नीट बघा. २००२ साली बीटी बियाणं आलं आणि २००६ पर्यंत महाराष्ट्रात बीटीचं क्षेत्र आणि शेतकरी आत्महत्या या दोन्ही रेघा सोबतच वर गेल्या. बियाणं महाग, म्हणून कर्ज, म्हणून आत्महत्या, इतकं सरळ आहे. आकडे सरकारचेच आहेत, आता आणखी कुठला पुरावा हवा? सर्वांना पाठवा.”

पहिला मुद्दा रेघांचा आहे आणि त्यातील निरीक्षण खोटे नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांनुसार महाराष्ट्रात २००२ साली ३,६९५ शेतकऱ्यांनी आत्महत्या केल्या. पुढील चार वर्षांचे आकडे ३,८३६, ४,१४७, ३,९२६ आणि ४,४५३ असे आहेत. याच काळात राज्यातील बीटी कापसाखालील क्षेत्र सुमारे २५ हजार हेक्टरवरून १८ लाख हेक्टरच्या आसपास पोहोचले. या पाच वर्षांच्या जोड्यांवरून सहसंबंधाचा गुणांक, म्हणजे दोन मालिका किती सोबतीने वरखाली होतात हे सांगणारा आकडा काढला, तर तो ०.८५ च्या जवळ येतो. एक हा पूर्ण सहसंबंध मानला जातो, हे लक्षात घेता हा आकडा कोणालाही भक्कम वाटेल.

मात्र फोटोची चौकट नेमकी २००२ ते २००६ या वर्षांवर बेतलेली आहे. याच विभागाने शेतकऱ्यांच्या आत्महत्यांची वेगळी नोंद १९९५ पासून ठेवली आहे, त्यामुळे आधी डावीकडे सरकून पाहू. १९९५ साली महाराष्ट्राचा आकडा १,०८३ होता आणि २००१ साली तो ३,५३६ झाला. पहिल्या वर्षी नोंदी अपुऱ्या राहिल्या असतील अशी शंका घेऊन १९९५ वगळले, तरी १९९६ च्या १,९८१ वरून २००१ पर्यंत झालेली वाढ पाऊणपटीहून अधिक भरते. या संपूर्ण काळात महाराष्ट्रात व्यावसायिक लागवडीसाठी मंजूर झालेले एकही बीटी वाण नव्हते, कारण केंद्राची मंजुरी मार्च २००२ मध्ये मिळाली आणि पहिली अधिकृत पेरणी त्या वर्षीच्या खरिपात झाली. त्या हंगामातही राज्यातील दर शंभर हेक्टर कापसामागे एक हेक्टरसुद्धा बीटीखाली नव्हता. मोठी चढण आधीच चढून झाली होती. जे बियाणे बाजारात आलेच नव्हते, त्याला या चढणीचे कारण ठरवता येत नाही.

आता उजवीकडे जाऊ. २००७ साली बीटीचे क्षेत्र सुमारे २८ लाख हेक्टर झाले, २००८ साली ३१ लाख आणि २००९ साली जवळपास ३४ लाख, म्हणजे राज्यातील बहुतेक सगळा कापूस बीटी झाला. त्या तीन वर्षांत आत्महत्यांचे आकडे ४,२३८, ३,८०२ आणि २,८७२ असे उतरत गेले. २००२ ते २००९ ही आठही वर्षे धरून तोच गुणांक पुन्हा काढला, तर तो उणे ०.३ च्या आसपास येतो. केवळ तीन वर्षे जोडल्याने संबंधाची दिशाच उलटते. उद्या एखाद्या बियाणे कंपनीने हाच उलटा गुणांक पुढे करून बीटीमुळे आत्महत्या घटल्याचा दावा केला, तर तोही तितकाच निराधार असेल, आणि हा प्रतिवाद त्या दाव्यालाही लागू आहे.

गुणांक इतका दिशाभूल का करतो, याचे उत्तर ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ अडनी यूल यांनी १९२६ साली दिले आहे. इंग्लंड-वेल्समधील एकूण विवाहांपैकी चर्च ऑफ इंग्लंडच्या विधीने होणाऱ्या विवाहांचे प्रमाण आणि तेथील मृत्युदर यांचे १८६६ ते १९११ या काळातील आकडे त्यांनी शेजारी मांडले, तेव्हा गुणांक ०.९५ इतका आला. दोन्ही गोष्टी त्या काळात हळूहळू घटत होत्या, एवढेच त्यांच्यातील साम्य होते. ज्या मालिकेत दरवर्षीचा आकडा आदल्या वर्षाच्या आकड्यावर उभा असतो, तिच्यात पाच वर्षे म्हणजे पाच स्वतंत्र साक्षीदार नसतात. त्यामुळे एका दिशेने सरकणाऱ्या कोणत्याही दोन मालिका एकमेकींशी घट्ट बांधलेल्या दिसतात. २००२ ते २००६ या वर्षांत राज्यातील मोबाइलधारकांची संख्याही वाढतच होती. बीटीच्या जागी ती रेघ काढली असती, तरी चित्र असेच दिसले असते.

यावर संख्याशास्त्रात एक जुना आणि सोपा उपाय आहे. एकूण आकड्यांऐवजी दरवर्षीचा बदल पाहायचा. बीटीमुळे आत्महत्या वाढत असतील, तर ज्या वर्षी बीटीचे क्षेत्र अधिक वाढले त्या वर्षी आत्महत्याही अधिक वाढायला हव्यात. २००५ साली क्षेत्र दोन लाखांवरून सहा लाख हेक्टर झाले आणि आत्महत्या २२१ ने घटल्या. २००६ साली क्षेत्र बारा लाखांनी वाढले आणि आत्महत्या ५२७ ने वाढल्या. २००७ साली क्षेत्र पुन्हा सुमारे दहा लाखांनी वाढले, पण आत्महत्या २१५ ने कमी झाल्या. दावा खरा असता तर या तीन वर्षांचा कौल एका बाजूला पडला असता. तो तसा पडत नाही.

आलेखाच्या रचनेबद्दल थोडेसे सांगायला हवे. एका बाजूला हेक्टर आणि दुसऱ्या बाजूला माणसे असे दोन वेगळे अक्ष असले, की कोणती रेघ किती तिरकी दिसावी हे चित्रकाराच्या हाती जाते. आत्महत्यांचा अक्ष शून्याऐवजी ३,५०० पासून सुरू केला, तर पाच वर्षांतील सुमारे वीस टक्क्यांची वाढ क्षेत्रफळाच्या सत्तरपट वाढीइतकीच उभी दिसते. त्यामुळे दोन अक्षांच्या आलेखात रेघा एकमेकींना चिकटून चाललेल्या दिसणे हा स्वतंत्र पुरावा नसतो.

दुसरा मुद्दा महाग बियाण्याचा आणि कर्जाचा. माझ्या मते संदेशातील सर्वांत गंभीर मुद्दा हाच आहे आणि त्याला हसण्यावारी नेणे अन्यायाचे ठरेल. सुरुवातीच्या वर्षांत बीटीचे ४५० ग्रॅमचे पाकीट १,६०० रुपयांच्या पुढे विकले जात होते आणि २००६ साली किमतीवर सरकारी नियंत्रण येऊन ते ७५० रुपयांवर आले. विदर्भातील बहुतांश कापूस कोरडवाहू आहे. पेरणीनंतर पावसाने ओढ दिली की दुबार पेरणी करावी लागते आणि महागड्या पाकिटाचा खर्च दुप्पट होतो. काही कुटुंबांच्या बाबतीत हा भार निर्णायक ठरला असणे शक्य आहे. पण एखादी साखळी शक्य वाटणे वेगळे आणि राज्यातील मृत्यूंची चढण तिने घडवली असे सिद्ध होणे वेगळे, कारण त्याच कालखंडात शेतकऱ्याला कर्जात ढकलू शकणाऱ्या इतर गोष्टीही घडत होत्या. जागतिक बाजारात १९९५ साली पौंडामागे ९० सेंटच्या वर असलेला कापूस २००१-०२ मध्ये ४० सेंटच्या आसपास घसरला होता. महाराष्ट्राची कापूस एकाधिकार खरेदी योजना १९७२ पासून चालू होती, तीही नेमकी २००२ च्या सुमारास सैल झाली आणि खासगी व्यापाऱ्यांना खरेदी खुली झाली. म्हणजे २००२ या वर्षाला बीटी ही एकच खूण नाही. आलेखात दुसरी रेघ बीटीऐवजी बाजाराची काढली असती, तर आज हाच संदेश वेगळ्या आरोपीच्या नावाने फिरला असता, आणि तेवढ्यावर तोही सिद्ध झाला नसता. २००८ ची कर्जमाफी आणि त्याच वर्षी मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलमागे १,८०० वरून २,५०० रुपयांवर गेल्याची घटना यांना पुढील वर्षीच्या घटीचे श्रेय देण्याचा मोह होतो. तिथेही हाच संयम पाळायला हवा.

खरी परीक्षा राज्याच्या बेरजेवर होत नाही, ती कुटुंबांवर होते. ज्या गावात आत्महत्या झाली, त्याच गावातील मिळत्याजुळत्या परिस्थितीचे, पण जिथे असे घडले नाही असे कुटुंब शोधायचे आणि दोघांमध्ये काय वेगळे होते ते तपासायचे. मुंबईच्या इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेचे सृजित मिश्रा यांनी २००६ च्या अहवालासाठी वर्धा, यवतमाळ आणि वाशीम जिल्ह्यांत अशीच तुलना केली. आत्महत्या झालेल्या कुटुंबांवरील कर्जाचा बोजा तुलनेच्या कुटुंबांपेक्षा बराच जास्त असल्याचे त्यात आढळले. या पद्धतीचे बळ असे की गावाचा पाऊस, बाजारभाव आणि दुकानातील बियाणे दोन्ही घरांना सारखेच असते, त्यामुळे उरलेल्या फरकाला अर्थ येतो. राज्यभराचा आलेख मात्र मृत शेतकऱ्याने बीटी पेरले होते की नाही, किंबहुना तो कापूस पिकवत होता की सोयाबीन, हेही सांगू शकत नाही.

तिसरा मुद्दा सरकारी आकड्यांचा. ते सरकारचे आहेत हे खरे, पण सरकारकडे दोन वेगवेगळ्या मोजण्या आहेत. गुन्हे नोंद विभागाचा आकडा पोलिसांनी मृताचा व्यवसाय म्हणून काय लिहिले यावर ठरतो. महसूल विभाग आर्थिक मदतीसाठी वेगळी चौकशी करतो. तिथे जमीन कुटुंबाच्या नावावर आहे का, कर्ज मान्यताप्राप्त संस्थेचे आहे का आणि त्याच्या वसुलीचा तगादा होता का, हे पाहून प्रकरण पात्र किंवा अपात्र ठरते. परवाना नसलेल्या सावकाराच्या कर्जाखाली दबलेले कूळ किंवा सातबाऱ्यावर नाव नसलेली शेतकरी स्त्री या मोजणीत सहज सुटते. २०१४ पासून गुन्हे नोंद विभागानेही वर्गवारी बदलून शेतकरी आणि शेतमजूर वेगळे केले, म्हणून त्यापुढील आकडे जुन्या रेघेला सरळ जोडता येत नाहीत. शेतकऱ्यांची संख्या दरवर्षी सारखी नसताना दरलाख प्रमाणाऐवजी नुसती संख्या काढणे हा या आलेखातील आणखी एक दोष आहे.

बीटी कापसावर ठोस आरोप करायचा असेल, तर तो कसा सिद्ध होतो याचे उदाहरण आपल्याच राज्यात आहे. शेंदरी बोंडअळी बीटीला दाद देत नाही हे कोणी दोन रेघांवरून ठरवले नाही. शेतातील हिरवी बोंडे फोडून अळ्या गोळा केल्या गेल्या, प्रयोगशाळेत बीटी विषाच्या ठरावीक मात्रा मिसळलेल्या खाद्यावर त्या वाढवण्यात आल्या आणि पूर्वी ज्या मात्रेने अळ्या मरत, तिच्यावर त्या जगतात का हे मोजले गेले. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने वर्षानुवर्षे केलेल्या अशा चाचण्यांतूनही आधी एका जनुकाच्या आणि नंतर दोन जनुकांच्या बीटीविरुद्धची प्रतिकारशक्ती कागदावर आली. २०१७ च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यात बोंडअळीने कापूस खाल्ला तेव्हा बियाण्याचे अपयश नाकारणे अवघड झाले, ते या पुराव्यामुळे.