वरच्या लेयरला डोळा कुठे आहे ते कळत नाही

“फोटो फ्रिक्वेन्सी सेपरेशननं दोन लेयरमध्ये तोडा. खालच्या लेयरला सरळ ३० चा गॉशियन ब्लर मारा, वरच्या लेयरला शार्पन द्या. त्वचा लोण्यासारखी होते, डोळे आपोआप धारदार होतात. मास्क करत बसायची गरज नाही. कुठल्याही फोटोला हीच सेटिंग चालते.”

लग्नसराईत बेळगाव, खानापूर, निपाणीकडे फोटोशॉपवर अल्बमचं काम करणाऱ्यांच्या मोबाइलवर हा मेसेज फिरत असतो. तो वाचून केलेले चेहरे १२ × ३६ च्या शीटवर छापून येतात तेव्हा चूक दुरुस्त करायची वेळ निघून गेलेली असते, म्हणून त्यातला एकेक मुद्दा नीट तपासायला हवा. उदाहरणाला एकच फोटो घेऊ. नवरीचा क्लोजअप, ४००० × ६००० पिक्सेल, त्यात चेहरा साधारण १८०० पिक्सेल रुंद. कपाळावर बाशिंग आणि कुंकू, केसांच्या कडेला आदल्या दिवशीच्या हळदीची पिवळी झाक, डोळ्यांत काजळ, नाकात नथ.

डोळे आपोआप का होत नाहीत

इथे फ्रिक्वेन्सी म्हणजे तपशिलाचा आकार. बारीक तपशील वरच्या लेयरमध्ये जातो, रुंद छटा आणि रंग खालच्या लेयरमध्ये राहतात. तो तपशील चेहऱ्यावर कुठे आहे याच्याशी या विभागणीला काही देणंघेणं नाही. आपल्या फोटोत एक मिलिमीटर म्हणजे जवळजवळ १३ पिक्सेल. पापणीचा केस मिलिमीटरचा दहावा भाग जाड असतो आणि लेन्सच्या मऊपणामुळे फोटोत तो दोन-तीन पिक्सेलचा होतो. गालावरचं रंध्रही तेवढंच, एक ते चार पिक्सेल. फाउंडेशनचे कण आणि आयएसओचा नॉइजही त्याच मापातले. म्हणजे पापणीचे केस, रंध्रं, पावडर आणि नॉइज हे सगळे एकाच लेयरमध्ये शेजारी शेजारी बसलेले असतात.

आता त्या अख्ख्या लेयरला शार्पन दिलं की काय होतं ते आकड्यांत बघा. वरच्या लेयरमध्ये १२८ म्हणजे ‘काही फरक नाही’. समजा एक रंध्र तिथे १२२ आहे. लेयर लिनिअर लाइट मोडमध्ये असल्यानं तो ६ चा फरक दुप्पट होऊन फोटोत १२ पायऱ्यांनी गडद दिसतो. शार्पननं १२२ चे ११६ झाले तर तेच रंध्र २४ पायऱ्यांनी गडद दिसेल. पापण्या उठून दिसल्या हे खरं, पण गालाचा खडबडीतपणाही त्यांच्याबरोबर दुप्पट झाला. मग तो लपवायला लोक खालचा लेयर आणखी ब्लर करतात. त्याचा काही उपयोग नाही, कारण रंध्रं खालच्या लेयरमध्ये नाहीतच.

विभागणी नीट झाली आहे ना, हेही आधी बघावं. बॅकग्राउंडच्या दोन कॉप्या काढा, खालचीचं नाव low, वरचीचं high. low ला ८ पिक्सेलचा गॉशियन ब्लर द्या. मग high निवडून Image मेनूतलं Apply Image उघडा. फाइल ८ बिट असेल तर असं भरा:

```
Layer: low
Blending: Subtract
Scale: 2
Offset: 128
```

१६ बिट असेल तर असं:

```
Layer: low
Invert: on
Blending: Add
Scale: 2
Offset: 0
```

त्यानंतर high चा मोड लिनिअर लाइट करा. दोन्ही लेयर एका ग्रुपमध्ये घालून ग्रुपशेजारचं डोळ्याचं चिन्ह बंद-चालू केलं तर फोटोत कणभरही फरक दिसता कामा नये. high पूर्ण सपाट करडा आला असेल, तर Layer च्या जागी Merged राहिलं आहे. लेयर स्वतःमधूनच वजा झाला आहे.

३० चा ब्लर कुठवर पसरतो

आपल्या फोटोत ३० पिक्सेल म्हणजे सव्वादोन मिलिमीटरच्या वर. पण गॉशियन ब्लर रेडियसवर थांबत नाही. त्याचा दिसण्याजोगा परिणाम रेडियसच्या दुपटीपर्यंत सहज जातो, म्हणजे दोन्ही बाजूंना पाचेक मिलिमीटर. उघड्या डोळ्याची उंचीच दहा मिलिमीटरच्या आसपास. त्यामुळे काजळ, डोळ्याचा पांढरा भाग आणि पापणीची कातडी यांची छटा एकमेकांत मिसळते. पांढरा भाग राखेसारखा होतो, पापणीवर काजळी धरल्यासारखी दिसते, आणि वरच्या लेयरमधले केस त्या धुरकट डागावर तरंगत राहतात. कुंकवाभोवती लाल धूसर वलय येतं, बाशिंगाच्या मोत्यांचा उजेड कपाळावर सांडतो, नथीशेजारी नाकपुडीची कड विरघळते. केसांच्या रेषेशी असलेली हळद काळ्या केसांत मिसळून शेवाळी होते. असा फोटो पाहिला की घरच्यांना नेमकं काय बिघडलं ते सांगता येत नाही. ‘ती अशी दिसत नाही’ एवढंच म्हणतात, आणि त्यांचं बरोबर असतं.

खालचा लेयर मऊ करायचा तो तुकड्यातुकड्यानं. low ची एक कॉपी राखून ठेवा. लॅसोला २० चा फेदर द्या आणि गालाचा एकच भाग निवडा, उदाहरणार्थ डोळ्याखालची सावली जिथे गालात उतरते तो. त्याला १५ ते २० चा गॉशियन ब्लर द्या. निवड काजळापासून किमान ४० पिक्सेल दूर ठेवा, कारण ब्लर निवडीच्या बाहेरचा रंगही आत ओढतो. मग कपाळ, हनुवटी, दुसरा गाल. नाकाच्या कडा आणि ओठांची रेषा सोडून द्या, चेहऱ्याचा आकार तिथेच असतो. हळदीचे डाग समतोल करायला मात्र हाच लेयर सोयीचा आहे, कारण रंग इथे आहे आणि रंध्रांना धक्का लागत नाही.

पुटकुळी किंवा सुटलेला केस काढायचा असेल तर high वर क्लोन स्टँप वापरा, सॅम्पल ‘करंट लेयर’वर ठेवून. गालावरचं गालावर, कपाळावरचं कपाळावर. कपाळाची कातडी गालावर आणली की ठिगळ ओळखू येतं.

मास्क हाच डोळ्याचा पत्ता

जागा सांगायचं काम फक्त मास्क करतो आणि त्याला पाच-सात मिनिटं लागतात. ग्रुपच्या वर Ctrl+Alt+Shift+E दाबून एकत्रित लेयर काढा, त्याला स्मार्ट ऑब्जेक्ट करा, म्हणजे आकडे नंतर बदलता येतील. अनशार्प मास्क द्या: अमाउंट ९०, रेडियस १.२, थ्रेशोल्ड ३. लेयरचा मोड लुमिनॉसिटी ठेवा, नाहीतर पांढऱ्या भागातल्या लाल शिरा आणखी लाल होतात. आता Alt दाबून मास्कच्या बटणावर क्लिक केलं की काळा मास्क येतो आणि सगळं शार्पन झाकलं जातं.

पांढरा ब्रश, हार्डनेस शून्य, फ्लो २५, आकार बुबुळाच्या निम्मा. बाहुलीची कड आणि बुबुळाची बाहेरची कड यांच्या मधला गोल पट्टा भरा. तिथले धागे हेच डोळ्याचं खरं टेक्स्चर. बुबुळाची बाहेरची कड निसर्गतः मऊ असते. ती कडक केली की डोळा कात्रीनं कापून चिकटवल्यासारखा वाटतो, म्हणून ब्रश तिच्या आतच थांबवा. डोळ्यातल्या उजेडाच्या ठिपक्यालाही हात लावू नका, त्याभोवती काळं कडं येतं. पांढरा भाग, नाकाकडचा गुलाबी कोपरा आणि डोळ्याखालची कातडी काळ्या मास्कमध्येच राहू द्या.

पापण्यांचे केस वेगळ्या लेयरवर करा. तोच शार्पन केलेला लेयर डुप्लिकेट करा, मास्क पुन्हा काळा करा आणि मोड डार्कन ठेवा. शार्पन प्रत्येक केसाशेजारी एक उजळ रेघ सोडतं आणि पापणीच्या कातडीवर ती लगेच दिसते. डार्कन मोडमध्ये केस गडद होतो, ती उजळ रेघ लागतच नाही. ब्रश केसांच्या दिशेनं, मुळाकडून टोकाकडे. आयशॅडोत चमकी असेल तर केसांच्या मधल्या जागेत ब्रश नेऊ नका. भुवयांवर हलका एकच हात पुरे.

मास्क कुठे सांडला आहे ते पाहायला \ ही कळ दाबा, झाकलेला भाग लाल दिसतो. शार्पन तपासायचं ते १०० टक्क्यांवर. ६६ टक्क्यांवर स्क्रीन स्वतःच पिक्सेल गोळा करतो, तिथे दिसणारी धार खरी नसते.

एकच सेटिंग सगळ्या फोटोंना का नाही

मोजपट्टी फोटोतच असते. मोठ्या माणसाचं बुबुळ साधारण ११ ते १२ मिलिमीटर रुंद असतं, व्यक्तीगणिक फार फरक पडत नाही. रूलर टूलनं ते मोजा. आपल्या नवरीचं ते १५० पिक्सेल आहे. सेपरेशनचा रेडियस सुरुवातीला त्याचा विसावा भाग धरा, म्हणजे सात-आठ, आणि रंध्रं नुकतीच दिसेनाशी होतील तिथे थांबा. नवरा-नवरीच्या उभ्या पूर्ण फोटोत बुबुळ ३० पिक्सेलचं असतं, तिथे रेडियस दीड येतो आणि वेगळं काढण्याजोगं टेक्स्चरच उरत नाही. त्या फोटोला सेपरेशन करू नका, मास्कमधून ०.५ रेडियसचं हलकं शार्पन पुरतं.

फोकस चुकलेल्या डोळ्याला तर यातलं काहीच लागू पडत नाही. फुल फ्रेमवर ८५ मिमी लेन्स, f/1.8, दीड मीटर अंतर असेल तर फोकसमध्ये असते ती जेमतेम सव्वातीन सेंटिमीटरची पट्टी. चेहरा ४५ अंशात वळला की दूरचा डोळा जवळच्यापेक्षा चारेक सेंटिमीटर मागे जातो. त्याची चाचणी सोपी आहे. high लेयरचा मोड क्षणभर नॉर्मल करा. जवळच्या डोळ्याचे केस करड्यात स्पष्ट कोरलेले दिसतील. दूरचा डोळा गालाइतकाच सपाट करडा असेल, तर त्याचे केस इतके पसरले आहेत की ते खालच्या लेयरमध्ये गेले, आणि वर शार्पन करायला काही शिल्लकच नाही. तिथे अमाउंट वाढवलं तर फक्त नॉइज वाढतो. त्या डोळ्यावरचा मास्क काळाच ठेवा. थोडाफार तपशील दिसत असेल तर ब्रशची ओपॅसिटी ४० वर आणून बुबुळावर एकदाच फिरवा.