पट्टी माझीच

मी पाणी प्यायला उठलो आणि तेवढ्यात अभ्यासिकेतल्या शेजाऱ्याने माझ्या वेळापत्रकावर लाल पेन चालवलं. माझ्या दोन परीक्षा, मध्ये जेमतेम पंधरा दिवस, आणि संख्याशास्त्र दोन्हीकडे. दुसऱ्यांदा आलेलं प्रत्येक 'संख्याशास्त्र' त्याने पट्टी लावून खोडलं होतं. पट्टी माझीच.

"अर्धा अभ्यास वाचवला तुझा."

"विचारलंस का?"

"त्यात काय विचारायचं? एकच धडा दोनदा कोण वाचतं?"

अरे, मी दोनदा वाचणारच नव्हतो! मथळ्यांवर विसंबलो नव्हतो, दोन्हीकडचे जुने पेपर शेजारी ठेवून पाहिले होते. आधीच्या परीक्षेत सूत्र सिद्ध करायला सांगतात, नंतरच्या परीक्षेत चार पर्याय आणि चुकलं की गुण वजा. म्हणून पहिल्या खेपेला सिद्धतेपर्यंत खोल शिरायचं, टिपणं एकदाच काढायची. दुसऱ्या खेपेला वही मिटून घड्याळ लावून फक्त प्रश्न सोडवायचे. याने नेमकी तीच खेप उडवलेली.

"पण व्हेरियन्स दोन्हीकडे व्हेरियन्सच ना?" पेनाचं टोपण चावत तो म्हणाला. (पेनही माझंच निघालं.)

मग आकडे सरासरीपासून किती पसरलेत ते मोजणाऱ्या या व्हेरियन्सचं उदाहरण मी त्याच्या लाल रेघेखालीच लिहिलं: २, ४, ६. सरासरी ४. फरकांचे वर्ग ४, ०, ४, बेरीज ८. हीच सगळी समष्टी, म्हणजे अख्खा समूह असेल तर भागिले ३, म्हणजे सुमारे २.६७. हा नमुना असेल आणि त्यावरून समष्टीचा अंदाज बांधायचा असेल तर भागिले २, म्हणजे ४. पर्यायांत दोन्ही आकडे हजर असतात. आधीच्या परीक्षेची सवय हाताला लागली की नंतरच्या परीक्षेत बोट आपोआप भलत्या पर्यायावर जातं. म्हणून सामाईक टिपणांच्या समासात असे फरक वेगळ्या शाईने लिहून ठेवावे लागतात.

त्याने बराच वेळ कागद न्याहाळला. "म्हणजे पेपर काढणारा चुकलाय," तो म्हणाला.

पेपर काढणाऱ्यांबद्दल माझंही मत फारसं बरं नाही. अभ्यासक्रमात 'मूलभूत संख्याशास्त्र' एवढी एक ओळ टाकून मोकळे होतात, खोली किती ते आम्ही जुन्या पेपरांतून उकरून काढायचं. वर फक्त नंतरच्या परीक्षेत असलेले धडे मधल्या पंधरा दिवसांत मावत नाहीत, म्हणून ते आतापासूनच दर आठवड्याला थोडे थोडे घुसवावे लागतात. त्या जागाही या गृहस्थाला रिकाम्या वाटल्या होत्या. तिथे त्याने 'विश्रांती' लिहिलं होतं. सुवाच्य अक्षरात.

"तुझी कुठली परीक्षा आहे?" मी शक्य तितक्या शांतपणे विचारलं.

"यंदा फॉर्मच नाही भरला," तो म्हणाला. "पण याचा फोटो काढू का? लोकांना उपयोगी पडेल."