हॉस्पिटलच्या काउंटरवरून उठण्याआधी क्लेमची फाइल तपासा

इंदूरमध्ये कॅशलेस नसलेल्या नर्सिंग होममध्ये ऑपरेशन झालं की पैसे आधी आपण भरायचे आणि मग विमा कंपनीकडून परत मागायचे, हे आता बहुतेक घरांना ठाऊक आहे. पण डिस्चार्जच्या दिवशी सगळं लक्ष पेशंटला घरी न्यायच्या घाईत असतं आणि कागद पिशवीत कोंबले जातात. मी क्लेम विभागात नोकरी केली आहे, म्हणून ठामपणे सांगते: फाइल पुढे सरकणार की अडकणार, हे त्याच दिवशी, त्याच काउंटरवर ठरतं. नंतर एकेका सहीसाठी खेटे घालावे लागतात.

मागच्या महिन्यात रामबागेतल्या माझ्या भाच्याने त्याच्या आईची फाइल आणून दिली. पित्ताशयात खडे, दुर्बिणीने ऑपरेशन. "मावशी, सगळं आहे यात, फक्त एकदा नजर घाल," म्हणाला. हॉस्पिटलचं अंतिम बिल 68,500 रुपयांचं, त्यात ऑपरेशन, भूल, खोली, नर्सिंग असा तपशील ओळीओळीने छापलेला. हे महत्त्वाचं आहे. नुसतं 'पॅकेज' म्हणून एक आकडा लिहिलेलं बिल आलं तर कंपनी तपशील मागणारच.

अडचण पावतीत होती. भरती करताना त्याने 25,000 भरले होते, त्याची डिपॉझिटची पर्ची मिळाली होती. डिस्चार्जच्या वेळी कॅशियरने ती पर्ची परत घेतली आणि उरलेल्या 43,500 ची पावती दिली. बिलावर 'अ‍ॅडव्हान्स वजा' असं छापलेलं होतं, त्यामुळे घरच्यांना काही खटकलं नाही. पण कंपनीच्या टेबलावर पैसे भरल्याचा पुरावा फक्त 43,500 चा, 25,000 ची पावतीच नाही. पावत्यांची बेरीज अंतिम बिलाइतकी आलीच पाहिजे. म्हणून डिपॉझिटची पर्ची परत देऊ नका, किंवा ती घेतली तर पूर्ण 68,500 ची एकच क्रमांक असलेली पावती मागून घ्या. बिलात सूट दिली असेल तर ती बिलावर दिसू द्या, म्हणजे बेरीज जुळेल.

दुसरी गोष्ट औषधांची. हॉस्पिटलमधल्या मेडिकलवाल्याकडून रोज थोडं थोडं आलेलं सामान मिळून 11,900 ची बिलं होती. शेवटच्या दिवशी न वापरलेली इंजेक्शनं आणि सलाईन परत केली, 1,350 रुपये परत मिळाले, आणि त्याचं रिटर्न बिल कुणी घेतलंच नाही. क्लेम मागायचा तो 10,550 चा. रिटर्न बिल जोडलं नाही आणि पूर्ण 11,900 लिहिले, तर दुकानाच्या नोंदीशी पडताळणी झाल्यावर तुमच्या प्रामाणिकपणावरच शंका येते, आणि ते मला फार वाईट वाटतं, कारण चूक निव्वळ घाईची असते. प्रत्येक बिलावर पेशंटचं नाव, तारीख आणि बिल क्रमांक बघा, आणि प्रत्येक औषधाला डॉक्टरांची पर्ची जोडा. पर्चीशिवायचं बिल कापलं जातं. तपासण्यांचंही तसंच: डॉक्टरांनी लिहून दिलेली सूचना, बिल आणि रिपोर्ट, असे तीन कागद एकत्र पिन करून ठेवा.

भाच्याकडे याच तीन कागदांतला पहिला नव्हता. भरती होण्याआधी केलेली सोनोग्राफी आणि रक्ताच्या तपासण्या मिळून 2,400 रुपये, शिवाय डॉक्टरांची फी 500. भरतीच्या आधीच्या ठरावीक दिवसांतला त्याच आजाराचा खर्च बऱ्याच पॉलिसींत मिळतो. किती दिवसांचा, ते आपल्या पॉलिसीत वाचायचं. सोनोग्राफीचा रिपोर्ट होता, बिल होतं, पण 'पोटाची सोनोग्राफी करा' असं लिहिलेली पर्ची फॅमिली डॉक्टरांकडेच राहिली होती. त्यांच्या नोंदीत तारीख असल्यामुळे ती मिळाली. सगळं धरून मागणी 81,950 ची झाली.

मला सर्वात जास्त वेळ लावावासा वाटतो तो डिस्चार्ज समरीला. तिथली एक ओळ क्लेम मोडू शकते. पित्ताशयाचे खडे बऱ्याच पॉलिसींत ठरावीक आजारांच्या यादीत असतात आणि त्यांना साधारण दोन वर्षांची वाट पाहावी लागते. समरीत 'पोटदुखी 3 दिवसांपासून' ऐवजी '3 वर्षांपासून' टाइप झालं, तर आजार पॉलिसीच्या आधीचा होता का, हा प्रश्न उभा राहतो. कंपनी अशा वेळी हॉस्पिटलकडून आतले केस पेपर मागवते. तेव्हा घरी निघण्याआधी समरी शब्दन् शब्द वाचा: नाव पॉलिसीप्रमाणे आहे का, भरतीची आणि सुटीची तारीख-वेळ बरोबर आहे का, लक्षणं किती काळाची, निदान काय, ऑपरेशन कोणतं. खरंच चुकलेलं असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांची सही-शिक्का घेऊन दुरुस्त करून घ्या. नंतर तीच दुरुस्ती 'क्लेमसाठी केली' अशी दिसते. आणि जे खरं आहे ते बदला म्हणून डॉक्टरांना सांगू नका. केस पेपरशी जुळलं नाही तर सगळाच क्लेम जातो.

काढलेलं पित्ताशय लॅबला तपासायला जातं आणि तो रिपोर्ट सुटीनंतर काही दिवसांनी येतो. पेशंट बरा झाला म्हणून तो आणायला कोणी जात नाही, आणि महिन्याभराने कंपनीचं पत्र येतं: हिस्टोपॅथॉलॉजी रिपोर्ट द्या. निघतानाच विचारून ठेवा, कुठून आणि कधी मिळेल. मोतीबिंदूत भिंगाचं स्टिकर आणि अँजिओप्लास्टीत स्टेंटचं स्टिकर व त्याचं बिल, याची गरजही अशीच.

क्लेम फॉर्मचे दोन भाग असतात. भाग अ आपण भरायचा, भाग ब हॉस्पिटलने भरून सही-शिक्का द्यायचा. फॉर्म आधीच छापून न्या. लहान नर्सिंग होमला नोंदणीपत्राची झेरॉक्सही मागून घ्या, कारण कंपनी बेडची संख्या आणि नोंदणी बघते. पैसे जमा होतात ते पॉलिसी ज्याच्या नावावर आहे त्याच्या खात्यात. माझ्या भाच्याने आईचा चेक जोडला होता, पॉलिसी मात्र त्याच्या नावावर. नाव छापलेला रद्द चेक त्याचा लागला. क्लेम मोठा असेल तर पॅन आणि ओळखीचे कागदही मागतात.

भरती होताच कंपनीला कळवणं आणि मूळ कागद पॉलिसीत लिहिलेल्या मुदतीत देणं हे आपलं काम आहे. पण आजारपणात उशीर झाला म्हणून खचून जाऊ नका. विमा नियामकाने 2011 मध्येच कंपन्यांना सांगितलं आहे की नुसत्या उशिरावरून खरा क्लेम नाकारू नये. उशिराचं कारण पत्रात लिहून द्या. मूळ कागद देण्याआधी प्रत्येक पानाचा स्कॅन काढा आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. कंपनीकडे लेखी तक्रार करूनही दाद लागली नाही, तर आपल्यासाठी विमा लोकपालाचं कार्यालय भोपाळला आहे आणि तिथे फी लागत नाही. तेव्हा हीच पोच हातात असायला हवी.

सुटीनंतरची औषधं आणि टाके दाखवायची फेरी यांची बिलं वेगळी ठेवा. ती नंतर, त्याच क्लेम नंबरवर, पुन्हा पर्ची-बिल-रिपोर्ट याच क्रमाने पाठवायची असतात.