मामांचा मेल आयडी, म्हणजे नेमका कोणता?

पासवर्ड विसरणं हल्ली कोणी मनावर घेत नाही. 'पासवर्ड विसरलात?' यावर टिचकी मारायची, मेलमध्ये लिंक येते, नवा पासवर्ड ठेवायचा आणि यथावकाश तोही विसरायचा. खरी पंचाईत त्याच्या एक पायरी अलीकडे असते. लिंक येणार ती कुठल्या मेलवर? तेच आठवत नसेल, तर पासवर्ड तोंडपाठ असूनही माणूस दाराबाहेरच.

आमचे नानामामा तसेच दाराबाहेर होते. 2009 साली मामांनी सहकारनगरच्या घरी बसून घराण्याची सात पिढ्यांची वंशावळ एका परदेशी साइटवर चढवली. त्यासाठी कोकणातल्या मूळ गावापासून नाशिकच्या क्षेत्रोपाध्यायांच्या चोपड्यांपर्यंत सगळं धुंडाळलं होतं. नंतर मोतीबिंदू झालं, मग गुडघे दुखायला लागले, आणि वंशावळ तिथेच राहिली. आता कुलसंमेलन भरायचं आहे आणि समितीला ती छापायला हवी आहे. साइट चालू आहे, वंशावळही तिथे असणार, पण मामांनी ती 'फक्त मला दिसेल' अशी ठेवलेली. समितीला मामांनी छातीठोक सांगितलं, "आमचा भाचा हिंजवडीत आहे, काढून देईल." मी हिंजवडीत पगारपत्रकं तपासतो, हा तपशील त्यांना गौण वाटला.

मामांकडे पासवर्डची डायरी आहे. बँकेने कधीकाळी दिलेली, कापडी बांधणीची. तिच्यात 'वंशावळ' या मथळ्याखाली पासवर्ड सुवाच्य अक्षरात लिहिलेला होता: कुलदेवीचं नाव, पुढे एक साल, आणि समासात सूचना, 'पहिलं अक्षर मोठं'. मेल आयडी मात्र कुठेच नाही.

"मामा, मेल आयडी कुठला दिला होतात?"

"माझाच."

"तुमचा कुठला?"

"अरे, माणसाला किती असतात?"

मामांना चार होते, आणि त्यातला एकही त्यांनी स्वतः काढलेला नव्हता. पहिला टिळक रोडच्या सायबर कॅफेतल्या मुलाने काढून दिला होता. दुसरा मी काढला, जीमेलवर. तिसरा शिकागोहून आलेल्या लेकीने, "बाबा, हाच वापरा" असं बजावून. चौथा सोसायटीच्या सेक्रेटरीने, पाणीपट्टीच्या सूचना पाठवता याव्यात म्हणून. मामांच्या लेखी हे सगळे मिळून एकच होते.

मला वाटलं, सोपं आहे. चारही पत्ते 'पासवर्ड विसरलात?'च्या चौकटीत एकेक करून टाकायचे, कुठला चालतो ते साइटच सांगेल. साइटने काही म्हणजे काही सांगितलं नाही. प्रत्येक वेळी तेच वाक्य: या पत्त्यावर खातं असल्यास तुम्हाला मेल पाठवण्यात येईल. शनिवार पेठेत आमच्या वाड्याच्या दारात एक काका बसायचे. "जोशी आहेत का?" असं विचारलं की ते पेपरातून मान वर न करता म्हणायचे, "असले तर येतील." साइट अगदी त्या काकांसारखी. आणि काकांचं जसं चुकत नसे, तसंच हिचंही. 'असं खातं इथे नाही' असं ती बोलून गेली, तर कोणीही हजारो पत्ते ओतून कोणाकोणाचं खातं आहे याची यादी करू शकेल. म्हणून खऱ्या पत्त्याला आणि खोट्या पत्त्याला उत्तर एकच. चौकटीत मी मुद्दाम काहीतरी बडबडगीत टाकून पाहिलं. त्यालाही 'असल्यास मेल पाठवू' असं अदबीचं आश्वासन मिळालं.

म्हणजे पडद्यावर जे दिसतं ते निरुपयोगी. कळण्याची एकच खूण: मेल येतो की नाही. त्यासाठी ती मेलपेटी आधी उघडता आली पाहिजे. चारपैकी दोन उघडत होत्या, जीमेलची आणि सोसायटीवाली. दोन्हीकडे वाट पाहिली, स्पॅमचा कप्पाही पाहिला, काही नाही. बाकी दोन पेट्या बंद असल्याने तिकडे मेल गेला की नाही, हे देव जाणे. अशा वेळी न आलेल्या मेलचा अर्थ 'खातं नाही' असा लावायचा नसतो. माझं मन तो लावू पाहत होतं, कारण जेवणाची वेळ झाली होती.

जेवताना लेकाने मुद्दा काढला. "बाबा, आजोबांच्या जीमेलला टिंब आहे ना? तुम्ही टिंबासकट टाकलंत का?" मी काढलेल्या पत्त्यात नाव आणि आडनावाच्या मध्ये टिंब होतं. मामांना ते टिंब म्हणजे शाईचा डाग वाटत असे. लेटरहेडवर त्यांनी बिनटिंबाचा पत्ता छापून घेतला होता, आणि तरी मेल व्यवस्थित येत. कारण जीमेल त्या टिंबांना मोजतच नाही. टिंब द्या, काढा, दोन अक्षरांनंतर घाला, मेल त्याच पेटीत पडतो. ही उदारता फक्त जीमेलच्या घरात मात्र. बाहेरच्या बऱ्याच साइटी पत्ता अक्षरशः जुळवतात. नोंदणी टिंबासकट झाली असेल आणि तुम्ही बिनटिंबाचा पत्ता टाकला, तर साइटच्या हिशेबी तो दुसराच गृहस्थ. तेव्हा टिंबासकट आणि टिंबाविना दोन्ही टाकून पाहिलं. तरी मेल आला नाही, पण आता निदान जीमेल बऱ्यापैकी बाद झालं.

दुसरा रस्ता म्हणजे जुन्या मेलांत शोध. खातं उघडताना स्वागताचा मेल आलेलाच असतो, आणि तो ज्या पेटीत सापडेल ती आपली. जीमेलच्या शोधपट्टीत साइटचं नाव आणि पुढे हे टाकायचं:

```
in:anywhere before:2011/01/01
```

पहिल्या भागामुळे स्पॅम आणि कचरापेटीही धुंडाळली जाते, दुसऱ्यामुळे त्या तारखेआधीचेच मेल दिसतात. मामांच्या पेटीत त्या तारखेआधीचा एकही मेल नव्हता. साइटचा सोडा, कोणाचाच नव्हता.

"वाचून झालं की पुसायचं," मामा म्हणाले. "टपाल साठवायचं कशाला?"

पुसलेला मेल जीमेलच्या कचरापेटीत 30 दिवस राहतो, मग कायमचा जातो. जुन्या संगणकात ब्राउझरने लॉगिन जपून ठेवलं असण्याची शक्यता होती. Firefox असतं तर `about:logins` उघडून पत्ता समोर दिसला असता. पण तो संगणक मामींनी रद्दीवाल्याला दिला, त्यालाही पाच-सहा वर्षं झाली. "पैसे आले होते हो बरे," मामी म्हणाल्या.

मामांकडचे सगळे पुरावे असे शिस्तीत नष्ट झाले होते. मग वाटलं, मामांनी पुसले, पण इतरांनी? वंशावळीच्या साइटींची एक खोड असते. तुम्ही नातेवाईक जोडलात की त्या प्रत्येकाला आमंत्रण धाडतात: अमुक यांनी तुम्हाला कुटुंबवृक्षात सामील होण्यास बोलावलं आहे. मामांनी तेव्हा झाडून सगळ्यांना जोडलं होतं. तर त्या आमंत्रणात मामांचा पत्ता असणार, आणि तो दुसऱ्याच कोणाच्या तरी पेटीत असणार. असा कोण, ज्याने आयुष्यात एकही मेल पुसला नाही? नाशिकची मंदामावशी. तिच्याकडे दह्याच्या रिकाम्या डब्यांपासून 2006 सालच्या सुप्रभात मेलांपर्यंत सगळं आहे.

मावशीला फोन लावला. तिने साइटचं नाव टाकून शोधलं आणि मेल सापडला.

"पाठवणारा कोण दिसतोय?"

"साइटचंच नाव आहे रे. नानाचं नाव आत लिहिलंय, पत्ता नाही."

इथे सोडून द्यायचं नसतं. अशा आमंत्रणांत पाठवणारी साइट असली, तरी उत्तर बोलावणाऱ्याला मिळावं म्हणून `Reply-To` या ओळीत त्याचा पत्ता दडवलेला असू शकतो. तो बघायचा सोपा मार्ग म्हणजे उत्तर द्यायला घ्यायचं. उत्तर पाठवायचं नाही, फक्त 'प्रति'च्या रकान्यात कोणाचा पत्ता आपोआप येतो ते वाचायचं.

"मावशी, रिप्लाय दाब. पाठवू मात्र नकोस."

"काय लिहू?"

"काही लिहू नकोस गं. वर काय आलंय ते वाच."

मावशीने एकेक अक्षर वाचलं. मामांचं नाव, आडनाव, 41, आणि पुढे `yahoo.co.in`. हा टिळक रोडवाल्याचा! मामा इतकी वर्षं 'याहू, याहू' म्हणत होते आणि आम्ही `yahoo.com` टाकत होतो. हे दोन वेगळे पत्ते आहेत. 41 म्हणजे मामांचं जन्मसाल.

लेकाने लगेच तो पत्ता 'पासवर्ड विसरलात?'मध्ये टाकायला घेतला. त्याचा हात मी धरला. न वापरलेल्या पेट्या याहू बंद करतं, आणि 2013 मध्ये तर वर्षभर पडून असलेली नावं नव्या लोकांना द्यायचं त्यांनी जाहीर केलं होतं. मामांचं नाव एव्हाना तिसऱ्याच्या हाती गेलं असेल, तर पासवर्ड बदलायची लिंक त्या गृहस्थांना मिळायची, आणि सात पिढ्यांचे वारस ते व्हायचे. त्या पत्त्यावर काहीही मागवायची गरजच नव्हती. लॉगिनच्या पानावर पत्ता म्हणजे नुसतं नाव. ती पेटी जिवंत आहे की मेली, याच्याशी त्या चौकटीला देणंघेणं नसतं. पासवर्ड आपल्याकडे होता.

मावशीने वाचलेला पत्ता टाकला. कुलदेवी टाकली, पहिलं अक्षर मोठं, पुढे साल. दार उघडलं.

आत गेल्यावर आधी सेटिंग्जमध्ये जाऊन पत्ता बदलला, सोसायटीवाला नको म्हणून लेकीने दिलेला ठेवू या म्हटलं, तर तो उघडत नव्हता. शेवटी टिंबवालं जीमेल ठेवलं आणि तिकडे आलेल्या लिंकवर खात्री करून दिली. मग वंशावळ उघडली. मूळ पुरुष, त्यांचे तीन मुलगे, फांद्या, उपफांद्या, सगळं जागच्या जागी. खाली सरकत माझ्यापर्यंत आलो. माझ्या नावासमोर लिहिलं होतं: अविवाहित, नोकरीच्या शोधात.

"मामा, माझं लग्न 2012 ला झालं. हा मुलगा इथे बसलाय."

"वंशावळ 2009 ची आहे," मामा म्हणाले. "असा मधेच बदल करता येत नाही, समितीचा ठराव आहे. लेखी अर्ज कर, सोबत विवाह नोंदणीच्या दाखल्याची प्रत जोड. अर्ज संध्याकाळी पाच ते सात घेतो. गुरुवारी नाही."