‘शॅल’ आणि ‘विल’: संवादपूर्तीबाबत खुलासा

“आय आणि वी आलं की डोळे मिटून शॅल, बाकी सगळीकडे विल.”

इंग्रजी संवादातल्या रिकाम्या जागा भरताना सांगितला जाणारा हा नियम अर्धाच फिरतो आहे. जुन्या ब्रिटिश व्याकरणातही आय-वीसोबत शॅल होतं ते साध्या भविष्यकाळासाठी. वचन किंवा निर्धार असेल तर तिथेही ‘आय विल’च. आजच्या संवादपूर्तीत कर्त्यापेक्षा बोलणाऱ्याचा हेतू पाहायचा.

समजा, रायबंदरच्या धक्क्यावर दोघे उभे आहेत. पहिला म्हणतो, “धिस बॅग इज हेवी.” दुसरा: “____ आय कॅरी इट?” पहिला: “येस, प्लीज.” इथे शॅल, कारण दुसरा मदत देऊ करतोय आणि होकाराची वाट पाहतोय. आता तोच म्हणाला, “गिव्ह इट टू मी, आय ____ कॅरी इट,” तर विल. त्याने विचारलं नाही, जागच्या जागी ठरवून टाकलं. पुढे “____ वी टेक द फेरी टू चोडण?” “गुड आयडिया!” ही सूचना, म्हणून शॅल. “आय ____ रिटर्न युअर मनी टुमारो, आय प्रॉमिस” यात विल.

रिकामी जागा भरण्याआधी पुढची ओळ वाचा. मुलं नेमकं हेच टाळतात. कर्ता आय किंवा वी आहे, प्रश्नचिन्ह आहे आणि उत्तर ‘येस, प्लीज’ किंवा ‘लेट्स’ असं आहे, तर शॅल. उत्तर ‘थँक यू’ असेल तर मात्र दोन्हीकडे बसतं, तेव्हा प्रश्नचिन्हच निर्णायक. आयर्लंडमध्ये ‘विल आय ओपन इट?’ सर्रास ऐकू येतं, पण उत्तरपत्रिकेत ते लिहू नका.