मेडिक्लेमने भरलेली बिलं आणि रजेचा पगार: नुकसानभरपाईच्या पत्रात काय मागायचं?

‘दादा, ज्या गाडीने मला उडवलं तिच्या विमा कंपनीला पत्र लिहितोय. हॉस्पिटलचं बिल बरंचसं माझ्या मेडिक्लेमने भरलं, मग ते पत्रात टाकायचं का? आणि पहिला महिना रजेचा पगार मिळाला, तर बुडालेला पगार कसा दाखवू? काका म्हणतात, डबल पैसे मागितलेस तर सगळाच क्लेम उडेल.’

धाकट्या चुलतभावाचा हा मेसेज आमच्या फॅमिली ग्रुपवर आला आणि दोन दिवस तिथे दुसरा विषय नव्हता. काकांनी उभी हयात विमा कंपनीत काढली आहे, त्यामुळे त्यांचा शब्द खाली पडत नाही. त्यांचं म्हणणं असं, की मेडिक्लेमने जे दिलं ते नुकसान उरलंच नाही, ते परत मागणं म्हणजे लबाडी. वर इंग्लंडात राहणाऱ्या मला उद्देशून, ‘तुमच्या इंग्लंडात असली थेरं कुणी खपवून घेत नसेल.’

उलट इंग्लंडात हे 1874 पासून चालत आलं आहे. रेल्वे अपघातात जखमी झालेल्या ब्रॅडबर्न नावाच्या प्रवाशाला त्याच्या स्वतःच्या अपघात विम्याचे पैसे मिळाले होते. ते भरपाईतून वजा करा, असं रेल्वे कंपनी म्हणाली. कोर्टाने नकार दिला. हप्ते त्याने भरले, त्याचा लाभ धडक देणाऱ्याला कशाला? मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठाने मार्च 2025 मध्ये याच अंगाने निकाल दिला. मेडिक्लेमची रक्कम हा हप्ते भरून घेतलेल्या कराराचा भाग आहे, मोटार अपघाताच्या भरपाईतून ती वजा होत नाही. त्यामुळे भावाने पूर्ण बिल मागावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

मात्र काका निम्मे बरोबर आहेत, आणि तो निम्मा भाग महत्त्वाचा आहे. गडबड मागण्यात नसते, लपवण्यात असते. माझ्या ओळखीची एक बाई इथे क्लेम हँडलर आहे, दिवसभर अशीच पत्रं वाचते. तिच्या सांगण्यानुसार आकडा मोठा असला म्हणून तिला संशय येत नाही. जी रक्कम दुसऱ्या कुणी भरली आहे ती पत्रात नाही आणि बँकेच्या उताऱ्यातही नाही, हे दिसलं की ती पेन खाली ठेवते आणि सगळी फाइल पहिल्यापासून तपासायला घेते. म्हणून भावाने सरळ लिहावं: हॉस्पिटलचं एकूण बिल 2,10,000 रुपये, त्यापैकी 1,65,000 माझ्या मेडिक्लेमने थेट हॉस्पिटलला दिले, 45,000 मी भरले, मागणी पूर्ण 2,10,000 रुपयांची आहे. कॅशलेसमध्ये मूळ बिलं टीपीएकडे, म्हणजे मेडिक्लेमचे क्लेम हाताळणाऱ्या मध्यस्थ संस्थेकडे जातात, त्यामुळे हॉस्पिटलकडून शिक्क्यासह प्रमाणित प्रती आणि टीपीएचं सेटलमेंट लेटर आधी मिळवावं. पुढे मोटार अपघाताचे दावे चालतात त्या ट्रिब्युनलमध्ये ‘मूळ बिल कुठे आहे?’ हा प्रश्न हमखास येतो, आणि तेव्हा हॉस्पिटलचं रेकॉर्ड शोधायला गेलं तर कर्मचारी बदललेले असतात.

एक गाठ अजून सुटलेली नाही. इथल्या बऱ्याच खासगी आरोग्य पॉलिसींत अट असते, की भरपाई मिळाली तर आम्ही भरलेले पैसे आम्हाला परत करा. म्हणजे पैसे मागता येतात, पण ते नेहमी खिशात राहतात असं नाही. भावाची पॉलिसी त्याने स्वतः काढलेली आहे. नोकरीच्या ठिकाणी मालकाने हप्ता भरलेली गट पॉलिसी असती, तर ‘हप्ता मी भरला’ हा आधारच लटका पडतो. तिथे मी ठामपणे काही सांगणार नाही. वकिलाला पॉलिसीचं कलम दाखवूनच ठरवावं.

पगाराच्या बाबतीत मात्र काकांची शंका इंग्लंडच्या नियमाला जास्त जुळते. आजारपणात मालकाने पगार दिला असेल तर तो इथे वजा होतो, कारण पगार बुडालाच नाही. अपघाताआधीच्या 13 आठवड्यांच्या पगारपत्रकांवरून सरासरी काढतात, कर आणि नॅशनल इन्शुरन्स नावाची सामाजिक सुरक्षेची कपात वजा करतात आणि न मिळालेला फरक तेवढा मागतात. भावाला वाटतं, तीन महिने घरी होतो म्हणून तीन महिन्यांचा पगार एका ओळीत लिहून टाकावा. तसं केलं तर विमा कंपनी पगारपत्रक मागवेल, पहिल्या महिन्याचा पगार जमा झालेला दिसेल आणि मग उरलेल्या दोन महिन्यांवरचाही विश्वास उडेल.

त्याने तीन वेगळ्या ओळी लिहाव्यात. शेवटचे दोन महिने बिनपगारी, महिना 42,000 प्रमाणे 84,000. पहिल्या महिन्याच्या 30 अर्जित रजा या अपघाताने खाल्ल्या. त्या साठवल्या असत्या तर नोकरी सोडताना त्यांचे पैसे मिळाले असते, म्हणून 42,000, पण ‘बुडालेला पगार’ या नावाने नव्हे, ‘खर्ची पडलेली रजा’ या नावाने. तिसरी ओळ ओव्हरटाइमची. तो दरमहा साधारण 4,000 रुपयांचा असे आणि तिन्ही महिने शून्य झाला, म्हणून 12,000. रजेच्या महिन्यातही ओव्हरटाइम बुडतो, हे लोक हटकून विसरतात.

42,000 हा आकडा कुठून आला, हेही सांगतो. त्याच्या हातात 38,000 येतात. पण पीएफचे 4,000 कापले जातात ते त्याचेच असतात, खर्च झालेले नसतात. भारतात भरपाईसाठी उत्पन्न धरताना आयकर आणि व्यवसाय कर वजा करतात, पीएफ नाही. बँकेत जमा होणारा आकडा धरून पत्र लिहिणारे स्वतःच आपली मागणी कमी करतात. पुराव्याला फॉर्म 16, सहा महिन्यांची पगारपत्रकं आणि हजेरीची नोंद लागते. नुसतं वेतन प्रमाणपत्र पुरत नाही, कारण ते सिद्ध करायला एचआरच्या माणसाला साक्षीला बोलवावं लागतं, आणि तो आला नाही तर कागद नुसताच पडून राहतो.

मध्येच वहिनीने विचारलं, ‘माझ्या भावाची स्कूटर ठोकली होती, त्याला तर दुरुस्तीचे पैसेही पूर्ण मिळाले नाहीत, त्याचं काय?’ तो तिच्या भावाच्या स्वतःच्या विम्याचा प्रश्न होता, म्हणजे वेगळाच. पण बोलता बोलता कळलं, की तो डिलिव्हरीचं काम करतो आणि त्याच अपघातात त्याचा महिनाभर धंदा बुडाला होता. त्याबद्दल कुणी काही मागितलंच नव्हतं. पगारपत्रक नाही म्हणून मागता येत नाही, हा समज सर्वत्र आहे. अ‍ॅपवरची आठवड्यांची कमाई, बँकेत आलेले पैसे, पेट्रोलचा खर्च वजा, एवढं मांडलं तरी उत्पन्न उभं राहतं. काहीच दिलं नाही तर ट्रिब्युनल किमान वेतनाच्या आसपास काल्पनिक उत्पन्न धरतं, आणि तो आकडा सहसा खऱ्यापेक्षा कमीच असतो.

उपचारांच्या बाबतीत परदेश आणि घर यांची तुलना जरा फसवी आहे. इथे हॉस्पिटलच्या बिलांची ओळ जवळजवळ रिकामी असते, कारण एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेतले उपचार मोफत असतात आणि तो खर्च सरकार विमा कंपनीकडून स्वतंत्रपणे वसूल करतं. जखमी माणसाकडे उरतात ती फिजिओथेरपीची, प्रवासाची आणि घरच्यांनी केलेल्या शुश्रूषेच्या तासांची नोंद. चुलतभावाच्या पत्रात हे उलटं झालं. हॉस्पिटलचं बिल ठसठशीत, पण त्यानंतरच्या औषध-फिजिओथेरपीच्या 28,000 च्या पावत्यांपैकी काही कोऱ्या कागदावर, आणि रिक्षाच्या 9,000 साठी नुसता अंदाज. मी त्याला म्हटलं, फॉलो-अपच्या तारखा केस पेपरवर आहेत, त्यांच्यासमोर भाड्याची रक्कम लिही. तारीख जुळली की अंदाजाला आधार मिळतो. हे सगळं मिळून मागणी 3,85,000 होते, आणि त्यात वेदना, भावी उपचार किंवा अपंगत्व अजून धरलेलं नाही.

अपंगत्वाचं इतक्यात लिहू नये. पायाचं हाड जुळल्यावर डॉक्टर टक्केवारी देतील, पण ती पायाची असेल. त्या टक्क्यांनी त्याची कमाई किती घटली, हा वेगळा हिशोब आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये राज कुमार खटल्यात बजावलं आहे. खुर्चीवर बसून काम करणाऱ्याचं नुकसान आणि दिवसभर उभं राहणाऱ्याचं नुकसान एकच असत नाही. तोवर पत्रात ‘पुढील नुकसानीचा हक्क राखून’ इतकं पुरे. आणि ‘सर्व हक्कांची पूर्ण व अंतिम पूर्तता’ असं छापलेल्या व्हाउचरवर सही करू नये. इंग्लंडात मानेच्या लचकण्याचे क्लेम वैद्यकीय अहवालाशिवाय मिटवायला कायद्याने बंदी आहे, आणि मला ती शहाणपणाची वाटते. मात्र त्याच सुधारणांनी त्या दुखापतीच्या वेदनेला ठरलेला तक्ता लावला. तो इतका कंजूष आहे, की अनेक जण क्लेम करतच नाहीत. तिकडचं सगळं उचलून इकडे आणावं, असं मी कधी म्हणणार नाही.

मला हेवा वाटतो तो एकाच गोष्टीचा. इथल्या रीतसर मागणी पत्राला विमा कंपनीने 21 दिवसांत पोच द्यायची असते, आणि त्यानंतर तीन महिन्यांत जबाबदारी मान्य की अमान्य, तेही सांगायचं असतं. भारतात 2022 पासून नवे नियम आहेत. पोलिसांचा पहिला अहवाल 48 तासांत, सविस्तर अहवाल 90 दिवसांत, आणि मग विमा कंपनीच्या नियुक्त अधिकाऱ्याचा निर्णय 30 दिवसांत. कागदावर हे पत्रापेक्षा चांगलं आहे, कारण माहिती गोळा करायचं काम जखमी माणसावर पडत नाही. भावाच्या बाबतीत सविस्तर अहवाल अजून आलेला नाही, आणि नियुक्त अधिकारी कोण, हे विमा कंपनीच्या शाखेत कुणाला सांगता येईना. म्हणून पत्र पाठवायचंच, पण पोच मिळेल अशा स्पीड पोस्टाने आणि त्याची प्रत तपास अधिकाऱ्याला.

पत्र पाठवलं म्हणून मात्र घड्याळ थांबत नाही. ट्रिब्युनलमधला अर्ज अपघातापासून सहा महिन्यांत करायचा, असं 2019 च्या दुरुस्तीने ठरवलं आहे. त्या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण त्या आशेवर बसू नये. शिवाय व्याज धरलं जातं ते अर्जाच्या तारखेनंतरचं, पत्राच्या तारखेपासून नव्हे. विमा कंपनीच्या उत्तराची वाट बघत घालवलेला प्रत्येक महिना बिनव्याजी जातो. अपघात कुठेही झाला असला तरी अर्ज राहत्या ठिकाणच्या ट्रिब्युनलमध्ये करता येतो, त्यामुळे लांब जावं लागेल ही अडचणही नाही.

काकांनी मुंबईचा निकाल वाचला आणि म्हणाले, ‘विमा कंपनी वर जाईल, बघ.’ जाईलही. भावाने पत्रात मेडिक्लेमची ओळ तशीच ठेवली आहे, आणि सोबत अर्जाच्या तयारीसाठी वकिलाची वेळ घेतली आहे.